पहिल्या पानावरचे कर्ज



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पुस्तपालन शिकवले. त्यांच्या तासाला फळ्यावरचे पहिले उदाहरण दरवर्षी तेच असायचे. रोख, फर्निचर, मालसाठा आणि कर्ज घेऊन एका माणसाने व्यवसाय सुरू केला, तर त्याची नोंद करा. आम्ही ते दोन मिनिटांत सोडवायचो. पुढे तीसेक वर्षे दुकानदारांच्या वह्या लिहिण्यात गेली तेव्हा लक्षात आले की आम्हाला ते गणित येत होते, उदाहरण मात्र कळले नव्हते. आज मी त्या एकाच नोंदीबद्दल बोलणार आहे.

बोलतो आहे फर्दापुरात, म्हणून दुकानही इथलेच घेतो. अजिंठा लेण्यांना येणारी गाडी टी-पॉइंटवर थांबते, प्रवासी उतरतो, आणि पुढच्या बसकडे जाताना त्याला दुकाने लागतात. स्फटिक, गारगोट्या, जांभळ्या दाण्यांनी भरलेले पोकळ दगड, लेण्यांची पुस्तके, टोप्या. अशा एका गाळ्यात एक तरुण दिवाळी पाडव्याला दुकान थाटतो आहे असे धरा. हा तरुण मी पाहिलेल्या अनेक जणांपासून बनवला आहे आणि आकडे सोपे केले आहेत. गाळ्याची अनामत, उधारीवर आणलेला माल, जीएसटी हे सगळे प्रत्यक्षात असते. आज ते बाजूला ठेवू.

त्याने नवी वही आणली, कुंकवाने श्री काढला, शुभ-लाभ लिहिले. पहिल्या पानावर आता काय लिहायचे?

बहुतेक जण इथे सरळ रोजकीर्दीला हात घालतात. ते करू नका. आधी एक साधा कागद घ्या आणि यादी करा. ही सूचना माझी नाही, पाचशे वर्षांहून जुनी आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणितज्ञाचा जो ग्रंथ छापला गेला, त्यात द्विनोंदी पद्धत पहिल्यांदा छापील रूपात सविस्तर आली. त्यातही व्यापाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती हीच, आपल्याजवळ काय आहे आणि आपण कोणाचे काय देणे लागतो याची यादी. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. पाचोलीच्या यादीत गोदामातल्या मालाबरोबर घरचे दागिने, कपडे, चांदीची भांडीसुद्धा येतात. घर आणि व्यापार त्याने वेगळे केलेले नाहीत. आपण करतो. दुकान हे मालकापासून वेगळे आहे असे धरून आपण वही लिहितो, आणि आजच्या उदाहरणाची सगळी अडचण याच एका गृहीतातून निघते.

तर यादी. लेणी सोमवारी बंद असतात. उद्घाटनाच्या आधीच्या सोमवारी आमचा तरुण दुकानात शांतपणे मोजायला बसला. रोख मात्र त्याने पाडव्याच्या सकाळी मोजली, कारण रोख ही त्या दिवशीची लागते. गल्ल्यात ४०,००० रुपये. रोखीबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखे काही नाही. हाताने मोजायची आणि मोजली तेवढीच लिहायची.

फर्निचरमध्ये दोन प्रकार आहेत. काचेचे नवे शोकेस, सुताराला दिलेले ३५,००० रुपये. ते ३५,००० लाच लिहायचे. आणि घरून आणलेले जुने टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. हे सामान काही वर्षांपूर्वी १८,००० ला घेतले होते. आता किती लिहायचे? जुनी पावती सापडली म्हणून १८,००० लिहिले तर घरात झालेली झीज आपण दुकानाच्या माथी मारली. आज बाजारात या सामानाचे जे येतील ते लिहायचे. त्याने दोन ठिकाणी विचारून ८,००० धरले. फर्निचर एकूण ४३,०००.

मालाजवळ मात्र मी जरा थांबणार आहे, कारण इथे चूक करणारी माणसे मी सर्वांत जास्त पाहिली आहेत.

दगडांचा धंदा असा की प्रत्येक नग वेगळा. त्यामुळे दुकानदार काय करतो? प्रत्येकाच्या बुडाशी विक्रीची किंमत चिकटवतो आणि मोजताना त्याच चिठ्ठ्यांची बेरीज करतो. आमच्या तरुणाच्या चिठ्ठ्यांची बेरीज आली २,०५,०००. म्हणजे दोन लाखांचा माल आहे, असे तो आनंदाने म्हणाला. मी म्हणेन, नाही. ही गिऱ्हाईक कधीतरी देईल अशी आशा आहे, आणि तीही घासाघीस होण्याच्या आधीची. मालाला आपण काय दिले ते सांगा. बिले काढली. खरेदी १,१६,०००. माल दुकानापर्यंत आणायचे भाडे आणि हमाली ३,०००. ते मालाच्या किमतीतच धरायचे, कारण त्याशिवाय माल दुकानात आलाच नसता. झाले १,१९,०००. मग एक मोठा जांभळा दगड हातात घेतला. समोरून सुरेख, आणि मागे प्रवासात गेलेली चीर. आणायला ३,००० पडले होते, आता १,००० सुद्धा मुश्किलीने येतील. नियम असा आहे की खरेदीची किंमत आणि विकून हाती येईल ती रक्कम, यांतली जी कमी असेल ती लिहायची. दोन हजार उतरवले. माल १,१७,०००.

चिठ्ठीची किंमत लिहिली असती तर काय बिघडले असते? पहिल्या दिवशी एकही दगड न विकता ८८,००० रुपये जास्तीचे भांडवल वहीत उभे राहिले असते. आणि पुढे वर्षभर हा माणूस चांगला विकत राहील, पण नफा दिसणार नाही, कारण जो नफा विक्रीतून यायचा तो सुरुवातीच्या मालाच्या आकड्यात आधीच गिळला गेला. हे ओळखायचे कसे? विक्री जोरात आणि वहीतला ढोबळ नफा जवळपास शून्य, असे पहिल्याच वर्षी दिसले तर सुरुवातीचा माल कोणत्या भावाने लिहिला ते आधी तपासा.

तीन आकडे झाले. रोख ४०,०००, फर्निचर ४३,०००, माल १,१७,०००. बेरीज बरोबर दोन लाख.

आता दुसरी गोष्ट, आणि हीच आजची मुख्य गोष्ट आहे. कर्ज.

या तरुणाने बँकेतून स्वतःच्या नावावर १,५०,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज घेतले आहे. दुकानासाठीचे मुद्रा कर्ज असते तर सारी रक्कम दुकानाचीच धरली असती, प्रश्नच नव्हता. पण हे वैयक्तिक कर्ज आहे, आणि बँकेने पैसे कशाला लागतात याचा फारसा खल न करता ते दिले. त्यातले ५०,००० घराच्या छपरावर पत्रे टाकण्यात गेले. उरलेले १,००,००० दुकानात आले. सांगा, पहिल्या पानावर कर्ज किती लिहायचे? दीड लाख? एक लाख? की काहीच नाही, कारण कर्ज तर त्याच्या स्वतःच्या नावावर आहे?

पण त्याच्याही आधीची एक चूक सांगतो. एका दुकानदाराच्या वहीत मी अशी नोंद पाहिली होती: रोख इतकी, फर्निचर इतके, माल इतका, आणि त्याच रांगेत चौथे, कर्जाची रक्कम इतकी. चारही नावे बाजूला. त्या गृहस्थांना वाटत होते की कर्ज मिळाले म्हणजे काहीतरी आले, आणि आलेले सगळे एका बाजूला लिहायचे. मी त्यांना एवढेच म्हटले, गल्ला उघडा आणि कर्जाचे पैसे दाखवा. गल्ल्यात ते नव्हते. ते समोर काचेच्या कपाटात उभे होते, मालाच्या रूपात. कर्ज ही दुकानातली चौथी वस्तू नाही. जी वस्तू समोर आहे ती कोणाच्या पैशाने आली, एवढेच ते सांगते. म्हणून ते नेहमी जमा बाजूलाच असते.

सर यासाठी एक युक्ती करायला लावत. यादीच्या शेजारी दुसरा रकाना आखायचा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहायचे, पैसे कोठून आले. आमच्या तरुणाचा रकाना भरून पाहू. रोख ४०,०००, स्वतःची बचत. जुने सामान ८,०००, घरचे. शोकेस ३५,०००, कर्जातून. माल १,१७,०००, त्यातले ६५,००० कर्जातून आणि ५२,००० बचतीतून. आता रकाना बेरजेला घ्या. कर्जातून आले ३५ आणि ६५, म्हणजे १,००,०००. स्वतःचे आले ४० आणि ८ आणि ५२, म्हणजे तेही १,००,०००.

आणि छपराचे पन्नास हजार? ते रकान्यात आलेच नाहीत. कारण यादीत छप्पर नाही. उत्तर मिळाले. दुकानाच्या वहीत कर्ज १,००,०००. ना दीड लाख, ना शून्य.

दीड लाख लिहिले असते तर भांडवल किती निघाले असते? दोन लाखांतून दीड गेले, उरले पन्नास हजार. पण या माणसाने स्वतःचे एक लाख घातले आहेत! त्याच्या बचतीतले पन्नास हजार वहीने छपराखाली गाडले असते.

आता नोंद लिहू. मागे बसलेल्या अकरावी-बारावी वाणिज्यच्या मुलांनी मनातल्या मनात आधी लिहावी आणि मग माझ्याशी ताडून पाहावी.

रोख खाते … नावे ४०,०००
फर्निचर खाते … नावे ४३,०००
मालसाठा खाते … नावे १,१७,०००
  कर्ज खात्याला … जमा १,००,०००
  भांडवल खात्याला … जमा १,००,०००

भांडवलाचा आकडा आपण कोणाला विचारला नाही, हे पाहिलेत का? बाकीचे चार आकडे मोजून, बिले पाहून, बँकेचा कागद पाहून आले. भांडवल शेवटी उरले. मालमत्ता वजा देणे, ते भांडवल. लोक मला उलटे सांगतात. "साहेब, मी दोन लाखांचे भांडवल घालून बसलो." मी विचारतो, त्यातले कर्जाचे किती? आणि मग बराच वेळ शांतता होते.

इथे एक रास्त शंका येईल. कर्ज त्याच्याच नावावर आहे, मग सगळे कर्ज खासगी ठेवून दोन लाख भांडवल म्हणून का दाखवू नये? दाखवता येते. त्याने स्वतः कर्ज काढले आणि ते पैसे भांडवल म्हणून दुकानात घातले, असे म्हणता येते. ती नोंद चूक नाही. पण मग तो निर्णय शेवटपर्यंत पाळावा लागतो. मग हप्त्याचा एक रुपयाही दुकानाचा खर्च नाही. गल्ल्यातून हप्ता दिला तर तो सगळा मालकाची उचल. मला स्वतःला हे पटत नाही. दुकान कर्जाच्या पैशावर उभे आहे आणि व्याजाचा भार दुकानाच्या नफ्यावर दिसत नाही, तर मालकाला वाटते त्यापेक्षा धंदा बरा चालला आहे असे भासते. शिवाय प्राप्तिकराच्या हिशेबात व्याज खर्च म्हणून मागायचे झाले तर पैसे धंद्यात वापरल्याचे दाखवावे लागते. ज्याच्या वहीत कर्जच नाही, त्याने ते कसे दाखवायचे?

सर्वांत वाईट म्हणजे अर्धे-अर्धे. म्हणजे सुरुवातीला कर्ज लिहायचे नाही आणि पुढे दर महिन्याला हप्ता मात्र खर्चात टाकायचा. दुर्दैवाने हेच सर्वांत जास्त चालते.

म्हणून तिसरी गोष्ट, पहिला हप्ता. पहिल्या पानावरची नोंद बरोबर होती की नाही हे महिन्याभरात कळते ते इथे.

दीड लाख, सालीना १२ टक्के, ३६ महिने, असे धरले तर हप्ता साधारण ४,९८२ रुपये येतो. पहिल्या महिन्याचे व्याज १,५०० आणि मुद्दल ३,४८२. बँक हे विभागून दाखवणारा तक्ता देते, तो मागून घ्या. कर्जाचे दोन हिस्से दुकानाचे, एक हिस्सा घराचा. तर व्याजातले १,००० दुकानाचे. मुद्दलातले २,३२१ दुकानाचे. राहिलेले १,६६१ घराचे. पूर्ण हप्ता दुकानाच्या पैशातून गेला असेल तर नोंद अशी होते:

कर्ज खाते … नावे २,३२१
व्याज खाते … नावे १,०००
उचल खाते … नावे १,६६१
  बँक खात्याला … जमा ४,९८२

चार हजार नऊशे ब्याऐंशी रुपये गेले आणि त्यांतला खर्च किती? फक्त एक हजार. २,३२१ म्हणजे दुकानाचे देणे कमी झाले, तो खर्च नव्हे. १,६६१ म्हणजे दुकानाने मालकाला दिलेले पैसे, तोही खर्च नव्हे. जो माणूस सगळा हप्ता खर्चात टाकतो तो पहिल्याच महिन्यात आपला नफा जवळजवळ चार हजारांनी कमी दाखवतो, आणि "धंद्यात काही राहत नाही" असे घरी जाऊन सांगतो. मी अशी घरे पाहिली आहेत. बाईमाणसांनी काटकसर केली, मुलाची शिकवणी बंद झाली, आणि दुकान मुळात नफ्यात होते. याचा मला आजही त्रास होतो.

आता ताळा पाहा. हप्त्यानंतर वहीत कर्ज उरले ९७,६७९. बँकेच्या उताऱ्यावर उरले १,४६,५१८. त्याचे दोन तृतीयांश करा, ९७,६७९ येतात. दर महिन्याला हा ताळा जुळला पाहिजे. नाही जुळला तर कुठल्या तरी हप्त्यात व्याज आणि मुद्दल यांची गल्लत झाली आहे, आणि ती त्याच महिन्यात सापडते.

या सगळ्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर तुमची फसगत होईल. घर आणि दुकान वेगळे ही वहीतली गोष्ट आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कायद्याला मालक आणि दुकान ही दोन माणसे दिसत नाहीत. दुकानाचा पॅन म्हणजे मालकाचाच पॅन. कर्ज थकले तर बँक "हे एक लाख दुकानाचे आणि पन्नास हजार छपराचे" असे म्हणणार नाही. ती दीड लाखांसाठी त्याच माणसाकडे येईल, आणि त्याचे जे आहे त्या सगळ्यावर त्याची जबाबदारी आहे. म्हणून उद्या नव्या कर्जासाठी बँकेत गेलात आणि दुकानाचा ताळेबंद पुढे ठेवलात, तर अर्जात ते राहिलेले घरचे कर्जही लिहा. ताळेबंदात ते नसणे बरोबर आहे. अर्जात ते नसणे म्हणजे लपवणे.

आणि कर्ज बँकेचे नसून मामाचे किंवा मित्राचे असेल तर? नोंद तीच, फक्त कर्ज खात्यापुढे देणाऱ्याचे नाव. पण रोखीने घेऊ नका. काही अपवाद सोडले तर वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीत घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि त्याचा दंड कर्जाच्या रकमेइतका होऊ शकतो. आपल्याकडे हातउसने देण्याची रीत मोठी आहे, माया असते, लिहून घेणे बरे वाटत नाही. तरी पैसे बँकेतून येऊ द्या. देणाऱ्या मामांचीही त्यात सोय आहे.

शेवटी नोंदीखालची ती एक ओळ, जी परीक्षेत अर्ध्या गुणाची म्हणून आपण घाईत लिहितो. स्पष्टीकरण. "व्यवसाय सुरू केला म्हणून" एवढे लिहिले की परीक्षेत भागते. दुकानात भागत नाही. तीन वर्षांनी वही उघडणाऱ्या माणसाला, तो तुमचा मुलगा असेल किंवा कर सल्लागार असेल, एक लाख हा आकडा कोठून आला ते त्या ओळीतून कळले पाहिजे. आमच्या तरुणाच्या वहीत ती मी अशी लिहीन:

"बलिप्रतिपदेला रोख, नवे शोकेस, घरचे जुने सामान चालू भावाने आणि माल खरेदीच्या भावाने घेऊन दुकान सुरू केले. स्वतःच्या नावे काढलेल्या १,५०,००० च्या बँक कर्जापैकी १,००,००० दुकानात आले. ५०,००० घराच्या छपराला लागले, ते या वहीत नाहीत. यादी व बँकेचे मंजुरीपत्र सोबत टाचले आहे."